अहवाल छान आहे, पण त्यात आमची शाळा नाही

प्रश्न :

मी एका खेड्यातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. स्नेहसंमेलन दहा दिवसांवर आलं आहे आणि वार्षिक अहवाल लिहून वाचायचं काम माझ्याकडे आहे. वेळ नव्हता, म्हणून शाळेचं नाव, पटसंख्या आणि चार-पाच उपक्रम एका एआय साधनाला दिले. लगेच चार पानी अहवाल तयार झाला. भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, मुख्याध्यापकांनाही आवडली. पण वाचताना ती आमची शाळा वाटत नाही. एक-दोन गोष्टी तर घडलेल्याच नाहीत. सहकारी म्हणतात, "अहवाल कोण ऐकतं? नावं घाला आणि वाचा." मला तो पुन्हा लिहायचा आहे. पण छान भाषा बिघडेल का? आणि शिक्षिकेचा जिव्हाळा आणला तर अहवाल अधिकृत राहील का? मसुदा आणि माझी टिपणं सोबत जोडली आहेत.

– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर :

बाई,

तुमचा मसुदा वाचला आणि मग टिपणं वाचली. मसुदा चार पानांचा, टिपणं जेमतेम दोन पानांची, तीही तुटक. पण शाळा मला टिपणांत भेटली. "नोव्हें. – तळावरची ७ मुलं आली, ५वी ते ७वी. बाकं कमी. ६वीच्या मुलांनी सरकून जागा केली." ऊसतोड कामगारांच्या तळावरून आलेल्या मुलांबद्दलची ही तुमची ओळ आहे. एवढ्याने मला तो वर्ग दिसला. मसुद्यात मात्र या मुलांचा उल्लेखच नाही, कारण ती गोष्ट तुम्ही त्या साधनाला सांगितली नव्हती. तुम्हाला ती अहवालात घालण्याइतकी मोठी वाटली नसावी. माझ्या मते तुमच्या वर्षातली ती सर्वांत मोठ्या गोष्टींपैकी एक आहे.

म्हणून आधी "भाषा माझ्यापेक्षा चांगली" या तुमच्या समजुतीकडे पाहू. मसुद्याचं पहिलं वाक्य असं आहे : "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव कटिबद्ध असलेल्या आपल्या विद्यालयाने या शैक्षणिक वर्षात विविध उपक्रमांच्या माध्यमातून यशाची नवनवीन शिखरे पादाक्रांत केली." व्याकरणात खोट काढता येणार नाही. पण हेच वाक्य शेजारच्या गावातल्या शाळेच्या बाईंनी त्यांच्या स्नेहसंमेलनात वाचलं, तर कुणाच्या लक्षात येईल? कुणाच्याच नाही. ही कसोटी प्रत्येक वाक्याला लावा. जे वाक्य दुसऱ्या शाळेत जसंच्या तसं चालतं, ते तुमच्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या पहिल्या पानावर या कसोटीला उतरणारी दोनच वाक्यं मला सापडली : एकात शाळेचं नाव आहे आणि दुसऱ्यात पटसंख्या.

असं का झालं, हे समजून घेतलं तर पुढचं काम सोपं होईल. त्या साधनाने असे असंख्य अहवाल, भाषणं आणि बातम्या पचवलेल्या आहेत. तुम्ही दिलेल्या चार ओळींच्या भोवती, अशा अहवालांत एरवी जे असतं ते त्याने भरलं. एरवी वृक्षारोपण असतं, ते उत्साहात होतं. एरवी विज्ञान प्रदर्शनात क्रमांक येतो, म्हणून तुमच्या शाळेलाही तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. गुळगुळीत वाक्यं आणि न घडलेल्या गोष्टी हे दोन वेगळे दोष नाहीत. दोन्ही एकाच कारणाने आले आहेत. त्यामुळे "भाषा ठेवू, फक्त चुका काढू" असं करून भागणार नाही.

तरीही सुरुवात चुकांपासूनच करा, कारण त्या अंगाशी येऊ शकतात. व्यासपीठावर केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी असतील, तर प्रदर्शनाचे निकाल त्यांना तुमच्याआधी माहीत असतात. तुमच्या मसुद्यात प्रदर्शनाच्या क्रमांकाशिवाय आणखी तीन ठिकाणी मी खूण केली आहे. तिन्ही चुका अशा आहेत की पहिल्या वाचनात डोळा त्यांवरून सहज सरकतो.

पहिली खो-खोची. "संघातील अकराही खेळाडूंनी मैदान गाजवले." खो-खोत मैदानावर नऊ खेळाडू उतरतात. हे वाक्य वाचलंत तर समोर बसलेल्या तुमच्या मुलीच एकमेकींकडे बघतील.

दुसरी जास्त नाजूक आहे. "यंदा इयत्ता दहावीचा निकाल उत्कृष्ट लागला असून विद्यार्थ्यांनी गुणवत्ता यादीत स्थान मिळवले." स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत असतं. यंदाची दहावीची मुलं तेव्हा समोर बसलेली असतात आणि त्यांची परीक्षा अजून व्हायची असते. तुम्ही ज्या निकालाबद्दल बोलणार, तो गेल्या उन्हाळ्यात लागलेला, आता शाळेतून गेलेल्या तुकडीचा. अहवालाचं वर्ष हे शाळेचं वर्ष नसतं. ते मागच्या स्नेहसंमेलनापासून या स्नेहसंमेलनापर्यंतचं असतं, म्हणजे त्यात दोन शैक्षणिक वर्षांचे तुकडे येतात. साधनाला हे कळलं नाही, म्हणून त्याने यंदाची वार्षिक परीक्षाही होऊन गेल्याचं लिहिलं आहे. कागदाच्या माथ्यावर मागच्या संमेलनाची तारीख आणि या संमेलनाची तारीख लिहा. जी गोष्ट या दोन तारखांच्या मध्ये बसत नाही ती काढा. राहिली गुणवत्ता यादी. बोर्डाने ती जाहीर करणं केव्हाच बंद केलं आहे. शाळेत पहिला आलेला, केंद्रात पहिला आलेला असं जे खरं आहे तेच म्हणा.

तिसरी एनएमएमएस शिष्यवृत्तीची. मसुद्यात ती "दहावीच्या विद्यार्थिनींनी" मिळवली आहे. ही परीक्षा आठवीत देतात आणि निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तुमच्या टिपणातल्या तीन मुली आज नववीत आहेत, म्हणजे परीक्षा त्यांनी गेल्या वर्षी आठवीत असताना दिली. हे नीट लिहा. आणि एक विनंती : नावं घेताना या शिष्यवृत्तीचं लांबलचक नाव उलगडू नका. त्यात "आर्थिकदृष्ट्या दुर्बल" असे शब्द आहेत. टाळ्या चालू असताना त्या मुलींच्या नावाला ते शब्द चिकटायला नकोत. सगळे "एनएमएमएस" म्हणतात, तेवढं पुरे.

आता खरं वर्ष गोळा करायचं. तुम्ही म्हणता वेळ नाही. पण दोन दुपारी पुरतील, कारण बरंचसं लिहिलेलंच आहे, फक्त वेगवेगळ्या वह्यांत आहे. मुख्याध्यापकांच्या कपाटातली सूचनावही आधी घ्या. कोणता कार्यक्रम कोणत्या तारखेला झाला हे तिच्यात शिक्षकांच्या सह्यांसकट असतं. मग हजेरीपट चाळा. ज्या दिवशी हजेरी एकदम पडली किंवा एकदम चढली, त्या दिवशी काहीतरी घडलेलं असतं : ओढ्याला पूर आलेला असतो, जत्रा असते, नाहीतर सहलीचा दिवस असतो. ग्रंथालयाची देवघेव वही तर अहवालासाठी कुणी उघडतच नाही. तिच्यावरून कोणत्या वर्गाने वर्षात किती पुस्तकं नेली हे अर्ध्या तासात मोजता येतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन "उत्साहात साजरा" झाला, यापेक्षा त्या दिवसानंतरच्या महिन्यात वहीतल्या नोंदी वाढल्या का, हे सांगणं कितीतरी खरं ठरेल. वाढल्या नसतील तर तो दिवस एका ओळीत उरका किंवा वगळा.

यानंतर माणसांना विचारा. शिपाई मामांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना जरूर विचारा. प्रश्न "यंदा काय चांगलं झालं?" असा विचारू नका, त्याला "सगळंच चांगलं झालं" हेच उत्तर येतं. "यंदा मुलांनी कधी न सांगता काही केलं का?" असं विचारा. वर्गशिक्षकांना "तुमच्या वर्गात जूनमध्ये न येणारं असं आता कुणाला काय येतं?" असं विचारा. मोबाइलमधल्या फोटोंवर तारखा असतात, त्या सूचनावहीशी ताडून पाहा. बालिका दिनाचा फोटो ३ जानेवारीचा आहे की आठवड्याने कार्यक्रम घेतला होता, हे तिथेच कळतं.

आता प्रत्यक्ष लिहू. वृक्षारोपणाचा परिच्छेद घेऊ, कारण तो प्रत्येक शाळेच्या अहवालात असतो. मसुदा म्हणतो : "पर्यावरण संवर्धनाचा संदेश देत विद्यालयाच्या परिसरात मोठ्या उत्साहात वृक्षारोपण करण्यात आले." तुमचं टिपण म्हणतं : "जुलै – ४० रोपं, जांभूळ व चिंच, ७वी. १४ शेळ्यांनी खाल्ली. मग काट्या. आता २६."

"करण्यात आले" या रचनेत काम करणारं माणूसच नाहीसं होतं. शाळेच्या अहवालात हे फार वाईट, कारण ते माणूस म्हणजे बारा वर्षांचं मूल असतं आणि ते समोर बसलेलं असतं. म्हणून पहिली दुरुस्ती म्हणजे कर्ता परत आणा. दुसरी, "संदेश देत" काढा. मुलांनी खड्डे खणले, संदेश कुणी दिला नाही. तिसरी, अडचण लपवू नका. शेळ्यांमुळेच ही गोष्ट फक्त तुमच्या शाळेची झाली आहे. मी असं लिहीन :

"जुलैत सातवीच्या मुलांनी मागच्या कुंपणालगत जांभूळ आणि चिंचेची ४० रोपं लावली. सप्टेंबरपर्यंत त्यांतली १४ शेळ्यांनी खाल्ली. मग मुलांनीच बाभळीच्या काट्या आणून प्रत्येक रोपाभोवती कुंपण केलं. त्यानंतर एकही रोप गेलेलं नाही. आज २६ रोपं उभी आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीतही त्यांना पाणी मिळालं."

मागचं कुंपण, सप्टेंबर, मुलांनीच बाभळीच्या काट्या आणणं आणि शेवटचं वाक्य हे तुमच्या टिपणात नाही. मी ते मुद्दाम घातलं आहे, कारण ते खरं आहे का हे तुम्हाला शोधावं लागेल. सुट्टीत पाणी कुणी घातलं? शिपाई मामांनी? शाळेजवळ राहणाऱ्या दोघा मुलांनी? ते कळलं की वाक्य त्या माणसाच्या नावाने लिहा. पाणी कुणीच घातलं नसेल तर वाक्य काढा. आणि वाचायच्या आदल्या दिवशी मागे जाऊन रोपं पुन्हा मोजा. शेळ्या कुणाच्या होत्या हे गावाला माहीत असतं, अहवालात ते नको.

या परिच्छेदात "उत्साह", "कौतुकास्पद", "अभिमान" यांपैकी काहीच नाही. तरी तो वाचणाऱ्या बाईंचं मुलांकडे लक्ष होतं हे ऐकणाऱ्याला कळतं. जिव्हाळा म्हणून तुम्ही जे शोधता आहात ते हेच. तो विशेषणं वाढवून येत नाही. शिक्षिकेने जे पाहिलं ते ती सांगते, त्यातूनच तो कळतो. मसुद्यात जिथे जिथे "चिमुकल्या", "लाडक्या", "निरागस" आहे तिथे त्या मुलांनी नक्की काय केलं ते आठवा, ते लिहा, आणि मग ते विशेषण हवंसं वाटतं का पाहा. बहुतेक वेळा वाटणार नाही.

जिव्हाळ्याला एक मर्यादाही आहे, आणि तळावरच्या मुलांबद्दल लिहिताना ती कसोशीने पाळायला हवी. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर कोप्यांवर आलेली ही मुलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप असं लिहितो : "गरीब व वंचित मुलांना शाळेने मायेची ऊब दिली." हे मनापासून लिहिलेलं असेल, तरी लिहू नका. ती सात मुलं त्या संध्याकाळी समोरच्या सतरंजीवर बसलेली असतील. कदाचित त्यांचे आईवडीलही मागे उभे असतील. आपल्याला सगळ्या गावासमोर वंचित म्हटलेलं त्यांनी ऐकायचं का? शिवाय या वाक्यात शाळा स्वतःचीच पाठ थोपटून घेते. त्या मुलांनी आणि तुमच्या मुलांनी काय केलं, तेवढं सांगा :

"नोव्हेंबरमध्ये कारखान्याच्या तळावरून सात मुलं आपल्या शाळेत आली. पाचवी, सहावी आणि सातवीत ती शिकतात. पहिल्या दिवशी बाकं कमी पडली, तेव्हा सहावीच्या मुलांनी कुणी न सांगता सरकून जागा केली. या सात मुलांतला एकजण आता रोज खो-खोच्या सरावाला असतो. हंगाम संपल्यावर ही मुलं आपल्या गावी जातील, तेव्हा इथे शिकलेल्या महिन्यांची नोंद त्यांच्या शिक्षण हमी पत्रकावर असेल."

शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. स्थलांतरित मुलांचं हे पत्रक गावच्या शाळेकडून आलं आहे का, त्यावर इथे नोंद होते आहे का, हे पाहून घ्या. काम झालं नसेल तर अहवालाच्या निमित्ताने ते करून घ्या. पण न करता वाचू नका, कारण ते ऐकून एखादे वडील मार्चमध्ये पत्रक मागायला येतील आणि त्यांना ते मिळायला हवं.

याच टिपणांत पुढे एक ओळ आहे : आठवीतल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं, तुम्ही दोघी शिक्षिका घरी गेलात, आणि ती आज शाळेत आहे. वर्षभरातलं तुमचं सर्वांत मोलाचं काम कदाचित हेच असेल. ते अहवालात एका शब्दानेही घेऊ नका, नाव न घेताही नाही. गाव लहान आहे, आठवीत मुली किती असतील? संमेलनात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी पारावर असते, आणि तिची झळ तुम्हाला लागत नाही, तिला लागते. घरातलं दुःख, आजार, फी, आईवडिलांचं भांडण, नापास होणं हे सगळं याच नियमात येतं. मुलांनी मिळवलेलं नावानिशी सांगा. मुलांनी सोसलेलं तुमच्याजवळच ठेवा. परिपाठात कधीच न बोलणाऱ्या मुलीने जानेवारीत बातम्या वाचल्या, ही तुमची आणखी एक नोंद. ती छान आहे, पण आधी त्या मुलीला एकटीला विचारा, "हे सांगितलं तर चालेल का?" ती नुसती मान खाली घालून उभी राहिली, तर ते उत्तर "नको" असं समजा.

आता "अधिकृत राहील का" हा प्रश्न. अहवाल अधिकृत कशाने होतो? आकडे पटावरून घेतलेले, तारखा सूचनावहीशी जुळलेल्या, निकाल बोर्डाच्या पत्रकावरून उतरवलेला आणि खाली मुख्याध्यापकांची सही, याने. "पादाक्रांत" शब्दाने नाही. पण मुख्याध्यापकांची काळजीही खोटी नाही. त्यांना सर्व वर्गांची, सर्व स्पर्धांची, सर्व देणगीदारांची नोंद हवी असते आणि ती असायलाच हवी. म्हणून दोन प्रती करा. एक दप्तरी प्रत : तिच्यात पटसंख्या, निकाल, सगळ्या स्पर्धांचे सगळे क्रमांक, रेखाकला परीक्षेच्या श्रेणी, सहल, समित्यांच्या बैठका, शैक्षणिक, क्रीडा, सांस्कृतिक अशा मथळ्यांखाली. तुमच्या मसुद्याचा सांगाडा इथे खरोखर कामाचा आहे. मथळे तसेच ठेवा, आतली वाक्यं काढून नोंदी भरा. ही प्रत पाहुण्यांना द्या आणि फायलीत लावा. दुसरी वाचायची प्रत : तिच्यात एकूण पट आणि दहावीचा निकाल दोन-तीन वाक्यांत सांगा, मग पाच-सहा खऱ्या गोष्टी, आणि देणगीदारांची नावं.

हे माझं नुसतं मत नाही, आग्रहाचं सांगणं आहे : बक्षिसांच्या याद्या वाचायच्या प्रतीत घेऊ नका. ती नावं पारितोषिक वितरणात पुकारली जाणारच असतात. अहवालात तीच चाळीस नावं आली की लोक उठून चहाला जातात. तुमचे सहकारी म्हणतात की अहवाल कोणी ऐकत नाही. मी अनेक संमेलनांत मागच्या रांगेत बसून पाहिलं आहे, "विविध उपक्रम" ऐकताना लोक बोलत असतात आणि "सातवीच्या मुलांनी" म्हटलं की सातवीतल्या पोरांचे आईबाप गप्प होतात. देणगीदारांच्या बाबतीत मात्र हात आखडू नका. नाव पूर्ण घ्या, कशासाठी दिलं ते सांगा, आणि ज्यांनी पैसे न देता एक रविवार येऊन पत्रा दुरुस्त केला त्यांचंही नाव त्याच यादीत घ्या.

लांबीचं म्हणाल तर शांतपणे वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. आठ मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे आठशे शब्द. लिहून झाल्यावर घरी मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. जिथे तुम्ही वर्गात बोलताना कधीच वापरणार नाही असा शब्द येईल, तिथे बोलण्यातला शब्द घाला. व्यासपीठावर आहोत म्हणून "आम्ही शाळा भरवतो" ऐवजी "विद्यालय कार्यान्वित असते" म्हणायची गरज नाही. मुलं तुमचा आवाज रोज ऐकतात. त्या दिवशीही तोच ऐकू द्या.

सुरुवात आणि शेवट यांवर मसुद्याने बऱ्याच ओळी खर्च केल्या आहेत. दोन्ही काढून टाका. "व्यासपीठावरील मान्यवर, पालक आणि मुलांनो" एवढ्यावर सुरू करा आणि पुढच्याच वाक्यात जूनमध्ये शाळा कशी उघडली ते सांगा. शेवटी "उज्ज्वल भवितव्याच्या दिशेने" नको. शेवटची गोष्ट सांगा, देणगीदारांचे आभार माना, बसा. आभारप्रदर्शन वेगळं आहेच.

हे पुन्हा लिहिलेलं त्याच साधनाकडे "जरा सुधारून दे" म्हणून पाठवायचा मोह होईल. सुधारून येईल तेव्हा शेळ्या गेलेल्या असतील आणि "सर्वांगीण" परत आलेलं असेल. फारतर फक्त शुद्धलेखन तपासायला सांगा, आणि ते करतानाही मुलांची नावं काढून आद्याक्षरं ठेवा. मुलांची नावं, जन्मतारखा, घरची माहिती अशा साधनात टाकायची नाही. शिवाय आडनावं "दुरुस्त" होऊन येतात आणि ते थेट व्यासपीठावर लक्षात येतं. शुद्धलेखनासाठी तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, तुमच्या शाळेत तुमच्याइतकं ते कुणाला येणार?

मुख्याध्यापकांना सरळ सांगा : "सर, पहिला मसुदा साधनाकडून घेतला होता. त्यात प्रदर्शनाचा क्रमांक आणि दहावीचं वाक्य चुकीचं होतं. आता नोंदी बघून मी पुन्हा लिहिला आहे, सही करण्याआधी आकडे तुम्ही एकदा पाहावेत." क्रमांकाची ती ओळ दाखवलीत की त्यांना जुनी भाषा सोडायला जड जाणार नाही. मग दप्तरी प्रत कार्यालयीन लिपिकांना पटाशी ताडायला द्या, आणि वाचायची प्रत प्रत्येक वर्गशिक्षकाला त्यांच्या वर्गापुरती दाखवा. संमेलनाच्या किमान तीन दिवस आधी हे व्हावं, म्हणजे एखादं नाव राहिलं असेल तर घालायला वेळ मिळेल.

आणि यंदाची टिपणं टाकून देऊ नका. त्याच वहीत संमेलनाच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची तारीख घालून लिहायला लागा, आठवड्याला दोन ओळी.